प्रात्यक्षिक परीक्षेआधी जादा प्रॅक्टिकल हवेत? विभागप्रमुखांना अर्ज असा लिहा

फेब्रुवारी संपत आला की बीएस्सीच्या वर्गात एकच चर्चा सुरू होते. प्रॅक्टिकल पूर्ण झालेले नाहीत, परीक्षा तोंडावर आली, सरांना सांगायला हवं. मग कोणीतरी वहीचं पान फाडून ‘परीक्षेपूर्वी जादा तास मिळावेत ही नम्र विनंती’ असं लिहितं, खाली पन्नास सह्या होतात आणि तो कागद विभागप्रमुखांच्या टेबलावरच्या काचेखाली जाऊन पडतो. ‘बघू’ यापुढे काही होत नाही.

असे अर्ज मी विद्यार्थी म्हणून लिहिले आहेत. पुढे तासिका तत्त्वावर शिकवायला लागल्यावर तेच अर्ज विभागात आलेलेही पाहिले. त्यावरून एक सांगतो: विभागप्रमुखांचा नकार बहुतेक वेळा तुमच्यावर रागावून आलेला नसतो. प्रयोगशाळा कधी रिकामी आहे, उभं कोण राहणार आणि सामान किती लागणार या तीन प्रश्नांची उत्तरं अर्जात नसतात. ती शोधायला त्यांना वेळ नसतो, म्हणून अर्ज पडून राहतो. ती तुम्हीच शोधून दिलीत, तर त्यांना फक्त शेरा मारायचा उरतो.

खाली मी रसायनशास्त्राचं उदाहरण घेतलं आहे. बीएस्सी द्वितीय वर्ष, तालुक्याचं कॉलेज, बॅच ब, विद्यार्थी १८, प्रॅक्टिकलचा वार गुरुवार. भौतिकशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्रवाल्यांनी सामानाची यादी बदलावी, बाकी रस्ता तोच.

१. आधी नेमकं काय बुडालं ते काढा

‘बरेच प्रॅक्टिकल राहिले’ असं लिहू नका. जर्नल उघडा, मोबाईलमधलं वेळापत्रक शेजारी ठेवा आणि तारखा काढा. आपल्या उदाहरणात बॅच ब चे तीन गुरुवार गेले. २२ जानेवारीला गॅदरिंग, १२ फेब्रुवारीला प्रयोगशाळेत पाणी नव्हतं, १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी. त्या दिवसांत ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन आणि मिश्र क्षाराचं पृथक्करण हे दोन प्रयोग राहिले. क्षाराला दोन दिवस ठेवलेले होते.

तारखा लिहिल्या की दोन गोष्टी साधतात. एक, बॅच अ ला हे नुकसान झालेलं नाही हे आपोआप दिसतं, कारण त्यांचा वार वेगळा. मागणी १८ जणांचीच राहते, ३६ जणांची होत नाही. दुसरं, कोणावर बोट दाखवावं लागत नाही.

इथेच एक खड्डा आहे. विभागप्रमुख अर्ज वाचून सगळ्यात आधी हजेरीपट मागवतात. बाकीची बॅच हजर असताना तुम्ही शेतीच्या कामाला किंवा लग्नाला गेला होतात आणि प्रयोग चुकला, तर तो प्रयोग या अर्जात घालू नका. एका मुलाचा असा दिवस यादीत सापडला की सगळ्या यादीवरचा विश्वास जातो. त्याने सरांना वेगळं भेटावं.

२. प्रयोगशाळा कधी रिकामी आहे ते मामांना विचारा

विभागाच्या फलकावर प्रयोगशाळेचं वेळापत्रक लागलेलं असतं, पण ते जूनमधलं. खरं काय चालू आहे ते प्रयोगशाळेतल्या मामांना माहीत. त्यांना विचारा: ‘मामा, मोठी लॅब सकाळची कोणत्या दिवशी मोकळी असते? तुम्ही किती वाजता येता?’ दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. गॅस चालू करणं, अभिक्रियाकं भरून ठेवणं, शेवटी नळ-गॅस बंद करून कुलूप लावणं ही कामं मामांची. त्यांना न विचारता सकाळी साडेसातची वेळ मागितली, तर अर्ज मंजूर होऊनही दार उघडत नाही.

आपल्या उदाहरणात मंगळवार आणि शनिवार, सकाळी ८ ते ११ ही वेळ मोकळी निघाली. मार्चमध्ये आपल्याकडे दुपारी पत्र्याखालच्या प्रयोगशाळेत बर्नर पेटवून उभं राहणं म्हणजे शिक्षाच, त्यामुळे सकाळच बरी. मात्र यादीतल्या खेड्यावरच्या पोरांना विचारून घ्या. पहिली एसटी साडेआठला पोचत असेल, तर ८ ऐवजी ९ ते १२ मागा. वेळ ठरवून द्यायची आणि निम्मी बॅच उशिरा यायची, याने पुढच्या वर्षीच्या पोरांचाही अर्ज बाद होतो.

परीक्षेच्या अगदी आधीचे दिवस मागू नका. बाह्य परीक्षक येण्याआधी विभागाला द्रावणं करायची असतात, क्षारांच्या पुड्या बांधून त्यांवर क्रमांक टाकायचे असतात, काचसामान मोजायचं असतं. त्या चार-पाच दिवसांत विद्यार्थ्यांना आत घेतच नाहीत, आणि पुड्या उघड्यावर असताना घेऊही नये. परीक्षा २३ मार्चपासून असेल, तर १६ च्या आतलेच दिवस मागा. परीक्षेच्या तारखा आपल्या विद्यापीठाच्या परिपत्रकावरून घ्या. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिवची कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे. दुसऱ्या विद्यापीठातल्या मित्राने पाठवलेला फोटो आपला समजू नका.

३. उभं कोण राहणार?

शिक्षकाशिवाय विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत सोडता येत नाही. आम्ल आहे, गॅस आहे, उद्या काही झालं तर जबाबदारी विभागप्रमुखांवर येते. म्हणून ‘आम्ही आमचं आम्ही करू, सर नसले तरी चालेल’ हे वाक्य अर्जात चुकूनही लिहू नका. मुलं ते चांगल्या मनाने लिहितात आणि नेमक्या त्याच वाक्यावर अर्ज फेटाळला जातो.

आधी संबंधित सरांना किंवा मॅडमना तोंडी विचारा. ते हो म्हणाले तरच अर्जात त्यांचं नाव घाला. ते तासिका तत्त्वावर असतील, तर आणखी जपून. त्यांना मानधन तासावर मिळतं आणि तासांची संख्या मंजूर झालेली असते. जादा तीन प्रॅक्टिकल म्हणजे त्यांच्यासाठी बिनपैशाचं काम होऊ शकतं, आणि विभागप्रमुखांसमोर त्यांना नाहीही म्हणता येत नाही. अशा वेळी नाव न घालता ‘आपण नेमाल त्या शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली’ एवढंच लिहावं. बुडालेले तास त्यांच्या मंजूर तासांतूनच भरून काढायचे की कसं, ते विभागप्रमुख बघतील.

४. सामानाचा हिशेब करा, विशेषतः पाण्याचा

हा भाग कोणी करत नाही, आणि विभागप्रमुखांवर छाप पडते ती यानेच. आकडेमोड अकरावीची आहे.

टायट्रेशन घ्या. प्रत्येकाचं एक अंदाजी वाचन आणि तीन पक्की वाचनं, दर वेळी पिपेटने १० मिली ऑक्झॅलिक आम्ल. म्हणजे ४० मिली, पिपेट खंगाळायला धरून ५० मिली. १८ जणांना ९०० मिली, म्हणजे १ लिटर. ०.१ नॉर्मल द्रावण १ लिटर करायला ऑक्झॅलिक आम्ल लागतं ६.३ ग्रॅम. परमँगनेट ब्युरेट भरायला आणि खंगाळायला माणशी ७५ मिली धरा, सगळे मिळून दीड लिटर. ०.१ नॉर्मलला लिटरमागे ३.१६ ग्रॅम, म्हणजे पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. विरल सल्फ्युरिक आम्ल दर वाचनाला १० मिली धरलं, तर पाऊण लिटर.

म्हणजे रसायनं मूठभरसुद्धा नाहीत. अडतं ते डिस्टिल्ड वॉटरपाशी. प्रत्येकाला अर्ध्या लिटरची वॉश बॉटल दिली, तर नुसत्या धुण्यालाच ९ लिटर जातं. द्रावणांचं धरून १२ लिटरच्या वर. आणि डिस्टिलेशनच्या यंत्राला थंड करायला नळाचं पाणी सतत सोडावं लागतं. जेवढं शुद्ध पाणी मिळतं, त्याच्या कितीतरी पट पाणी मोरीत वाहून जातं. मार्चमध्ये कॉलेजला टँकर येत असेल, तर विभागप्रमुखांना पहिला विचार याचाच येणार.

मग बोअरच्या पाण्यावर भागवू म्हणाल, तर क्षाराच्या प्रयोगात ते चालत नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यात कॅल्शियम असतं, क्लोराइड असतं. त्या पाण्याने धुतलेल्या परीक्षानळीत सिल्व्हर नायट्रेट टाकलं, की क्षारात क्लोराइड नसतानाही पांढुरका गढूळपणा येतो आणि मुलगा खुशाल ‘क्लोराइड आढळले’ लिहून मोकळा होतो. शंका आली तर नुसतं पाणी नळीत घेऊन तीच कसोटी करून बघा. तिथेही गढूळ आलं, तर दोष पाण्याचा.

यावर दोन उपाय अर्जातच सुचवा. सगळी काचेची भांडी आधी साध्या पाण्याने धुवायची आणि फक्त शेवटचं खंगाळणं डिस्टिल्ड वॉटरने करायचं. त्याला माणशी पाव लिटर पुरतं, म्हणजे ९ चे साडेचार लिटर होतात. आणि यंत्राचं वाहून जाणारं पाणी ड्रममध्ये धरायचं, तेच पहिल्या धुण्याला वापरायचं. हे काम विद्यार्थी करतील असं लिहा, आणि खरंच करा.

ब्युरेट मोजून घ्या. कपाटात वीस दिसतात, त्यांतल्या पाच-सहा गळतात. म्हणून १८ जणांना एकदम टायट्रेशन मागू नका. पहिल्या दिवशी ९ जण ब्युरेटवर आणि ९ जण क्षारावर, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. तिसरा दिवस परीक्षेसारखा: सर चिठ्ठ्या टाकतील, ज्याला जो प्रयोग येईल तो. असं वाटप दिलं की मागणी निम्म्या सामानात बसते.

५. अर्जाचा मसुदा

एकच पान. हाताने लिहिला तरी चालतो, फक्त अक्षर लागलं पाहिजे.

> दि. २५ फेब्रुवारी
>
> प्रति,
> मा. विभागप्रमुख,
> रसायनशास्त्र विभाग,
> (महाविद्यालयाचे नाव व गाव)
>
> मार्फत: वर्गशिक्षक, बी.एस्सी. द्वितीय वर्ष
>
> विषय: प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वी बॅच ब साठी तीन जादा प्रात्यक्षिके मिळणेबाबत.
>
> महोदय,
>
> आम्ही बी.एस्सी. द्वितीय वर्ष, बॅच ब चे १८ विद्यार्थी आहोत. आमचे प्रात्यक्षिक दर गुरुवारी असते. दि. २२ जानेवारी (स्नेहसंमेलन), दि. १२ फेब्रुवारी (पाणीपुरवठा बंद) व दि. १९ फेब्रुवारी (शिवजयंतीची सुट्टी) या तीन दिवशी प्रात्यक्षिके होऊ शकली नाहीत. त्यामुळे परमँगनेट टायट्रेशन व मिश्र क्षाराचे पृथक्करण हे दोन प्रयोग आमच्या बॅचने अद्याप हाताने केलेले नाहीत. प्रात्यक्षिक परीक्षा दि. २३ मार्चपासून आहे.
>
> मोठी प्रयोगशाळा मंगळवारी व शनिवारी सकाळी ८ ते ११ या वेळेत मोकळी असल्याचे समजले. तरी शनिवार दि. ७, मंगळवार दि. १० व शनिवार दि. १४ मार्च रोजी या वेळेत, आपण नेमाल त्या शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली, ही प्रात्यक्षिके घेण्यास परवानगी द्यावी, ही विनंती.
>
> पहिल्या दोन दिवशी ९-९ विद्यार्थ्यांचे गट करून प्रयोगांची अदलाबदल करता येईल. तिसऱ्या दिवशी परीक्षेप्रमाणे सराव व्हावा, अशी इच्छा आहे. लागणाऱ्या सामानाचा अंदाज सोबत जोडला आहे. डिस्टिल्ड वॉटर फक्त शेवटच्या खंगाळण्यासाठी वापरू व यंत्राचे वाया जाणारे पाणी ड्रममध्ये साठवू. काचसामान मोजून घेऊ व मोजून परत करू.
>
> वरील दिवस सोयीचे नसल्यास दि. १६ मार्चपूर्वी आपण द्याल त्या वेळेस आम्ही हजर राहू.
>
> आपले विद्यार्थी,
> (प्रतिनिधीची सही, नाव, रोल नंबर, मोबाईल)
>
> सोबत: १) विद्यार्थ्यांची यादी, रोल नंबर व सह्या २) बुडालेल्या प्रात्यक्षिकांचा तक्ता ३) सामानाचा अंदाज

मजकुरातलं शेवटचं वाक्य गाळू नका. ‘सोयीचे नसल्यास’ म्हटल्याने त्यांना पूर्ण नकाराऐवजी दिवस बदलून देता येतो. सह्या मात्र ज्याच्या त्यानेच कराव्यात. एकाच निळ्या पेनाने, एकाच वळणाच्या अठरा सह्या मी पाहिल्या आहेत. त्या सरांनाही दिसतात.

६. अर्जात काय लिहू नये

‘सरांनी प्रॅक्टिकल घेतलेच नाही’ हे खरं असलं, तरी या अर्जात नको. ती तक्रार आहे, तिची जागा वेगळी, आणि तिची चौकशी परीक्षा होऊन गेल्यावरही संपत नाही. तुम्हाला मार्चमध्ये ब्युरेट हातात हवी आहे. ‘अन्यथा आमचे नुकसान झाल्यास महाविद्यालय जबाबदार राहील’ ही ओळही मोर्च्याच्या निवेदनात शोभते. आणि सगळा अभ्यासक्रम पुन्हा मागू नका. ज्याला बारा प्रयोग हवेत, त्याला एकही मिळत नाही.

७. अर्ज द्यायचा कसा

दोन प्रती काढा. आधी वर्गशिक्षकांची सही आणि ‘शिफारस’ असा शेरा घ्या. मग दोघे-तिघेच जाऊन विभागप्रमुखांना द्या, सगळी बॅच घेऊन दारात उभे राहू नका. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा.

शनिवार किंवा कॉलेजच्या नेहमीच्या वेळेबाहेरचा तास असेल, तर विभागप्रमुख तो अर्ज प्राचार्यांकडे पाठवतात. मग तो कार्यालयात जातो, त्यावर आवक क्रमांक पडतो. तो क्रमांक लिहून घ्या. पुढे ‘माझा अर्ज कुठे आहे’ विचारल्यावर क्लार्क क्रमांकच मागतात. दोन दिवस गेले की एकदा आठवण करा. ‘सर, त्या अर्जावर काही दुरुस्ती करून आणू का?’ असं विचारलं, तर अडलंय कुठे ते कळतं.

८. मंजुरी मिळाल्यावर

मंजूर तारखा फलकावर आणि वर्गाच्या ग्रुपवर लावा. परमँगनेटचं द्रावण आदल्या दिवशी करून काचलोकरीतून गाळून तपकिरी बाटलीत ठेवावं लागतं, नाहीतर त्यातल्या मँगनीज डायऑक्साइडने वाचनं हलतात. म्हणून मामांना शुक्रवारीच आठवण करा.

वेळ कमी आहे, तेव्हा अडतं तिथेच तो घालवा. टायट्रेशनमध्ये बहुतेकांचं अडतं सुरुवातीला. ऑक्झॅलिक आम्ल ६० ते ७० अंशांपर्यंत गरम केलेलं असूनही परमँगनेटचे पहिले थेंब लवकर रंग सोडत नाहीत. मुलं घाबरून पुढचे थेंब ओततात आणि द्रावण तपकिरी होतं. थांबायला हवं. पहिल्या थेंबातून तयार झालेले मँगनीजचे आयनच पुढची क्रिया भराभर चालवतात. थांबूनही तपकिरी येत असेल, तर सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं आहे किंवा फ्लास्क गार झाला आहे. ते वाचन सोडून द्या. परमँगनेट गडद असल्याने ब्युरेटवर पातळीची वरची कड वाचायची, हेही हाताला याच वेळी लागतं.

क्षारात तिसऱ्या गटाआधी अमोनियम हायड्रॉक्साइडच्या अगोदर अमोनियम क्लोराइड घालायची सवय लावा. ते राहिलं, तर पुढच्या गटांतले मँगनीज, मॅग्नेशियम तिसऱ्यातच खाली बसू शकतात आणि उरलेला दीड तास भलत्याच आयनच्या मागे जातो.

जादा दिवशी केलेली वाचनं जर्नलमध्ये त्याच दिवसाच्या तारखेने लिहा. १२ फेब्रुवारीची तारीख टाकून ‘पूर्ण’ दाखवू नका. त्या दिवशी प्रॅक्टिकल झालं नाही हे तुम्हीच अर्जात लिहून दिलेलं आहे.

९. एकच दिवस मिळाला, किंवा नाहीच म्हणाले

एकच दिवस मिळाला, तर सगळ्यांनी क्षार घ्या. टायट्रेशनची पद्धत तुम्ही दुसऱ्या द्रावणांवर आधी केलेली असते, सर दहा मिनिटांत फरक दाखवू शकतात. क्षाराला मात्र स्वतःच्या हाताने गट पाडल्याशिवाय इलाज नाही.

पूर्ण नकार आला, तर कारण विचारा आणि त्याच बैठकीत दुसरी मागणी ठेवा: बॅच अ च्या प्रॅक्टिकलला जे गैरहजर असतील, त्यांच्या जागी आमच्यातले दोघे-तिघे बसले तर चालेल का? तिथे शिक्षक असतात, मामा असतात, गॅस चालू असतो, पाणी भरलेलं असतं. वेगळी मंजुरी सहसा लागत नाही, सरांनी तोंडी हो म्हटलं की झालं. कोणी कधी जायचं याची यादी मात्र आदल्या दिवशी करून सरांना दाखवा, नाहीतर सकाळी दोन जागांसाठी नऊ जण अ‍ॅप्रन घालून उभे राहतात.